'१० जीबी ग्राफिक्स'ने केलेली माझी फसवणूक

गेल्या वर्षी तुळशीची लग्ने लागायच्या आधी आठ-दहा दिवस मी कोल्हापुरातील एका दुकानातून ४६,५०० रुपयांना रिफर्बिश्ड, म्हणजे एखाद्या कंपनीत वापरून झालेला आणि साफसफाई करून पुन्हा विक्रीला ठेवलेला लॅपटॉप घेतला. माझा व्यवसाय लग्नाच्या चित्रीकरणाचा आहे. शाहूपुरीतील माझ्या छोट्या स्टुडिओत एडिटिंगसाठी एक जुना डेस्कटॉप आहे. सीझनमध्ये तो एकटा पुरत नाही म्हणून दुसरे यंत्र हवे होते. काम डाविंची रिझॉल्व या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये चालते आणि फुटेज 4K असते, ही दोन्ही वाक्ये मी दुकानदाराला पहिल्याच फोनवर सांगितली होती. लॅपटॉपच्या जातकुळीची मला माहिती नव्हती, परंतु माझे काम काय आहे हे मी लपवले नव्हते, इतके आधी नोंदवून ठेवतो.

त्यावर व्हॉट्सॲपवर आलेले उत्तर असे होते : "आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, १० जीबी ग्राफिक्स, एडिटिंग स्पेशल." दुकानात गेल्यावर लॅपटॉपच्या झाकणावर हेच छापलेले स्टिकर होते. मी दहा जीबीबद्दल विचारले तेव्हा त्याने टास्क मॅनेजर उघडला, Performance मध्ये जाऊन ग्राफिक्स कार्डावर क्लिक केले आणि तळाशी GPU Memory या शब्दांखालच्या 9.9 GB या आकड्यावर बोट ठेवले. "बघा की ओ, खोटं बोलतोय का मी?" असे तो म्हणाला, आणि खरोखरच तो खोटे बोलत नव्हता. त्या आकड्याच्या शेजारीच आणखी दोन आकडे होते. पण जिथे बोट होते तिथेच मी पाहिले.

ते दोन आकडे असे होते. Dedicated GPU memory समोर 2.0 GB आणि Shared GPU memory समोर 7.9 GB. पहिली मेमरी ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या चिपांवर बसवलेली असते, ती विकत घेतल्यानंतर वाढत नाही. दुसरी ही कार्डाची नसतेच. विंडोज साधारणपणे यंत्राच्या एकूण रॅमपैकी अर्धी रॅम, गरज पडल्यास ग्राफिक्सला उसनी देता येईल म्हणून, त्या नावाने दाखवते. १६ जीबी रॅमचे अर्धे आठ, त्यातले थोडे वजा होऊन 7.9, आणि त्यात कार्डाचे दोन मिळवले की 9.9. रॅम ३२ जीबी केली असती तर स्टिकरवर '१८ जीबी ग्राफिक्स' छापता आले असते, आणि कार्ड तेच दोन जीबीचे राहिले असते. शेजाऱ्याची शिडी आपल्या घराच्या उंचीत धरावी, तसला हा हिशेब आहे.

स्टिकरपेक्षाही मला फसवले ते प्रात्यक्षिकाने. दुकानदाराने रिझॉल्व आधीच टाकून ठेवले होते आणि त्यात एक नमुन्याचा प्रोजेक्ट होता : समुद्रकिनारा, वर टायटल, रंग दुरुस्त केलेला. त्याने स्पेसबार दाबला आणि चित्र एकदाही न अडखळता पळाले. टाइमलाइनच्या वरच्या कडेला एक बारीक निळी रेघ होती, ती मला चांगली आठवते, कारण तिचा रंग मला सुंदर वाटला होता. स्टुडिओतल्या डेस्कटॉपवर मी कॅश कधी चालू ठेवत नसल्याने ती रेघ मी पूर्वी पाहिली नव्हती. रिझॉल्वमध्ये Playback मेनूत Render Cache चालू असेल तर जड भाग आधी तयार करून डिस्कवर साठवला जातो. तयार व्हायचा असतो तोवर रेघ लाल असते आणि झाला की निळी होते. म्हणजे माझ्यासमोर यंत्र काम करत नव्हते, आधी केलेले काम वाजवून दाखवत होते. शिवाय ते फुटेज फुल एचडी होते, हेही मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी एका हळदीचे फुटेज त्यावर घेतले. आमच्या कॅमेऱ्याची फाइल 4K, सेकंदाला २५ फ्रेम आणि १०० मेगाबिटची असते, म्हणजे एका मिनिटाला सुमारे ७५० एमबी. कट मारणे कसेबसे होत होते. दिवसा मांडवातल्या पिवळ्या कापडामुळे सगळ्यांचे चेहरे पिवळे पडले होते, म्हणून प्रत्येक शॉटवर तीन-चार नोड, म्हणजे रंगदुरुस्तीचे टप्पे, लावले, वर नावाचे टायटल टाकले, आणि व्ह्यूअरच्या वरचा फ्रेमचा आकडा २५ वरून ६ वर येऊन शेजारचा ठिपका लाल झाला. एक्सपोर्टला टाकल्यावर साधारण एका टक्क्यावर हा संदेश आला :

```
Your GPU memory is full.
```

स्टुडिओत माझ्याबरोबर एडिटिंग करणारा मुलगा म्हणाला, "दादा, दहा जीबी आहे म्हणालासा न्हवं? मग फुल कशी झाली?" त्याच प्रश्नामुळे मी टास्क मॅनेजर पुन्हा उघडला आणि या खेपेस तिन्ही आकडे वाचले. Dedicated मध्ये 1.9/2.0 होते आणि Shared जवळजवळ रिकामी होती. उसनी रॅम मदतीला का धावली नाही, याचे कारण साधे आहे : कार्डापासून रॅमपर्यंतचा रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या मानाने फार अरुंद असतो, त्यामुळे असा प्रोग्रॅम आपला हिशेब मुख्यतः कार्डाच्या मेमरीवरच करतो, आणि उसनवारी सुरू झालीच तर काम बंद पडत नाही एवढेच, पण ते रांगू लागते.

दोन जीबी का पुरत नाहीत हे मी नंतर वहीत मांडून पाहिले. 4K च्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. रिझॉल्व आतमध्ये प्रत्येक रंग ३२ बिटांत, म्हणजे चार बाइटांत धरते. तीन रंगांचे बारा बाइट झाले. ८३ लाखांना बाराने गुणले की एक उघडी फ्रेम सुमारे १०० एमबीची होते. फाइल डिस्कवर कितीही लहान असो, कार्डावर ती याच आकाराने उघडते. नोड, टायटल, आधीची आणि पुढची फ्रेम अशा दहा-पंधरा प्रती एकाच वेळी लागल्या, आणि विंडोजने पडद्यासाठी आपला वाटा आधीच घेतलेला असला, की दोन जीबी संपतात. फुल एचडीची फ्रेम याच्या एक चतुर्थांश, म्हणजे २५ एमबीची. म्हणून दुकानातला समुद्र शांत होता. मी टाइमलाइन १९२० बाय १०८० केल्यावर एक्सपोर्ट झालेही, परंतु ग्राहकाला 4K द्यायचे ठरले होते आणि ते काम शेवटी रात्रभर जुन्या डेस्कटॉपवरच झाले.

'आय-सेव्हन' या शब्दाचेही तसेच झाले. प्रोसेसरचे पूर्ण नाव i7-8550U होते. शेवटच्या U चा अर्थ असा, की हा कमी विजेवर, १५ वॅटच्या बेताने चालणारा, पातळ लॅपटॉपसाठी केलेला प्रोसेसर आहे. त्याच पिढीतला i7-8750H हा ४५ वॅटचा आणि चारऐवजी सहा कोअरचा आहे, आणि दोघांचे बोलीतले नाव 'आठव्या पिढीचा आय-सेव्हन' एकच. माझ्या यंत्रात एक्सपोर्ट सुरू होताच टास्क मॅनेजरमधला Speed साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास असे आणि पाचेक मिनिटांत, पंखा कर्कश झाला की, दोनच्या खाली येई. दुकानातल्या दोन मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हे कधीच दिसत नाही.

लॅपटॉप परत घेऊन गेलो. दुकानदाराने भांडण केले नाही, चहा मागवला. "आम्ही दहा सांगितलं, विंडोज दहा दाखवतंय. तुमचं काम जड आहे, त्याला आम्ही काय करणार?" हे त्याचे म्हणणे. बिल काढून पाहिले तर त्यावर 'लॅपटॉप - १ नग' एवढेच लिहिले होते. ना प्रोसेसर, ना मेमरी, ना सीरियल नंबर. व्हॉट्सॲपचा तो संदेश मात्र माझ्याकडे होता आणि त्यात 'एडिटिंग स्पेशल' हे शब्द होते. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी असल्याचे त्याला लेखी कळवले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे त्या वेळी कळले. शेवटी ७,००० रुपये कापून त्याने पैसे परत केले. मी ते मान्य केले, कारण सीझन तोंडावर होता. आयोगात गेलो असतो तर कदाचित तेही मिळाले असते.

दुसरा लॅपटॉप घेताना मी पेनड्राइव्हवर त्याच हळदीच्या दहा मिनिटांच्या फाइली, सुमारे साडेसात जीबी, आणि आमचा प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून नेला. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला होता, कारण जुन्या फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. दुकान वेगळे होते आणि मालक तरुण होता. प्रथम फाइली लॅपटॉपच्या एसएसडीवर उतरवल्या, पेनड्राइव्हवरून थेट चालवल्या नाहीत, नाहीतर पेनड्राइव्हचा दोष लॅपटॉपच्या माथी जातो. चार्जर लावला. Playback मध्ये Render Cache ला None केले आणि Timeline Proxy Resolution ला Full केले, कारण तिथे Quarter असेल तर व्ह्यूअरमध्ये कमी दर्जाचे चित्र पळते आणि लहान पडद्यावर ते ओळखू येत नाही. मग टाइमलाइन 4K ठेवून, सगळे नोड आणि टायटल तसेच असताना, पूर्ण दहा मिनिटांचे एक्सपोर्ट लावले आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवला.

मालकाला हे फारसे रुचले नाही. "एवढा वेळ कोण बघत बसतंय भावा, लोक गाणं लावून बघतात आणि घेऊन जातात," असे तो म्हणाला. त्याने आधी दाखवलेल्या लॅपटॉपमध्ये कार्ड चार जीबीचे होते, ते 3.8 वर पोहोचले आणि एक्सपोर्ट पूर्ण झाले, पण माझ्याकडे कधीकधी दोन कॅमेऱ्यांचे फुटेज एकावर एक असते म्हणून मी तो सोडला. दुसरा सहा जीबीचा आणि H प्रोसेसरचा होता, किंमत १९,००० रुपयांनी जास्त. त्यात Dedicated चा आकडा 4.4/6.0 च्या पुढे गेला नाही, Speed पंधरा मिनिटांनंतरही तीनच्या वर टिकून होता, आणि तळवा ठेवला तर कीबोर्डचा वरचा भाग चटका देण्याइतका तापलेला नव्हता.

बिल करताना मी प्रोसेसरचे अक्षरासह पूर्ण नाव, कार्डाचे नाव, 'डेडिकेटेड ६ जीबी' हे शब्द आणि सीरियल नंबर लिहून मागितला. मालकाने थोडी कुरकुर केली, पण लिहून दिले, आणि शिक्का मारताना विचारले, "आधी कुठं फसलाय काय ओ?" मी त्याला मोबाइलमधला त्या जुन्या स्टिकरचा फोटो दाखवला. तो हसला, आणि काउंटरच्या मागे ठेवलेल्या दोन लॅपटॉपांची झाकणे त्याने सावकाश भिंतीकडे वळवली.