मावशी की व्हायोला?

आमच्या फोंड्याकडच्या गावात यंदाच्या जत्रेला नाटक कुठलं, यावर वाद पेटला. अर्ध्यांना अत्र्यांची 'मोरूची मावशी' हवी, मला शेक्सपिअरची 'ट्वेल्फ्थ नाइट'.

मावशीतली गंमत वेषांतर फसता फसता वाचण्यात आहे. तालमीत आमचा मावशीवाला पाय फाकवून बसला, चटकन सावरला, पदर ओढला, आणि सगळे लोळले. पदर, चाल, लाजणं हे शिकावं लागतं, एवढं इथे उघडं पडतं. पण आतला बाप्या प्रेक्षक क्षणभरही विसरत नाही. मावशीच्या मागे लागणाऱ्या म्हाताऱ्यालाही तिच्या पैशाचीच ओढ.

'ट्वेल्फ्थ नाइट'मधल्या व्हायोलाचं उलटं. ती पुरुषवेषात सिझारिओ होते आणि वेषांतर फसतच नाही. आपल्या मालकाचा, ऑर्सिनोचा, प्रेमनिरोप ऑलिव्हियाकडे घेऊन गेल्यावर ती 'मी असतो तर तुमच्या दाराशी झोपडी बांधून तुम्हाला हाका मारत राहिलो असतो' अशा अर्थाचं बोलते, आणि ऑलिव्हिया निरोप्याच्याच प्रेमात पडते. तेव्हाच्या रंगभूमीवर हे काम मुलगा करायचा, म्हणजे मुलगा मुलगी होऊन पुन्हा मुलगा. शेवटीही तिचे बायकी कपडे येत नाहीत. ते ज्या कप्तानाकडे आहेत तो कैदेत, आणि ऑर्सिनो तिला सिझारिओच म्हणतो.

मंगेशीच्या दीनानाथांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेतलेल्या आम्हा गोंयकारांना हे जड का जावं? तरी मतं मावशीलाच पडली. नऊवारी माझ्याच आईची जाणार आहे.