ट्रेमधली वस्तू उचलायची आहे: सूत्र की सॉल्व्हर?

बोटं ठरलेल्या जागी न्यायला प्रत्येक सांधा किती वळवायचा, हे काढणं म्हणजे इन्व्हर्स कायनेमॅटिक्स. स्वस्तातल्या रोबोटिक हातासाठी ते सोडवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे कागदावर त्रिकोण काढून सूत्र मांडायचं. दुसरा म्हणजे हाताचं वर्णन एखाद्या न्यूमरिकल सॉल्व्हरला द्यायचं आणि तो अंदाज सुधारत सुधारत उत्तरापर्यंत पोचेल असं बघायचं. ट्रेमधून वरून वस्तू उचलायची असेल तर माझा कौल सूत्राला आहे. पण आधी हाताचे सांधे मोजा.

‘सहा सांधे’ म्हणून जे हात मिळतात, त्यातल्या अनेकांत सहावी मोटर ग्रिपरची बोटं उघडते-मिटते. म्हणजे खरे सांधे पाच: बेस, खांदा, कोपर, मनगटाची वर-खाली हालचाल आणि मनगटाचं फिरणं. खरोखर सहा असतील तर जास्तीचा सांधा बहुधा कोपराच्या पुढचा हात स्वतःभोवती फिरवणारा असतो. ट्रेच्या कामात ग्रिपर सरळ खाली बघतो, त्यामुळे हा सांधा शून्यावर ठेवून दिला तरी चालतं. मग दोन्ही हातांचं गणित एकच होतं: बेस हाताला वस्तूच्या दिशेने वळवतो आणि बाकी सगळं एका उभ्या पातळीत घडतं.

एक उदाहरण करून बघू. खांद्याची उंची १०० मिमी, वरचा हात १२०, पुढचा हात १२०, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत १३०. वस्तू x = १२०, y = ९० वर आहे आणि ती ट्रेच्या तळापासून नव्हे, तर बेसच्या तळापासून २० मिमी उंचीवर पकडायची आहे. (या दोन उंच्यांचा घोळ फार जणांचा होतो.) बेसपासूनचं अंतर १५० आणि बेसचा कोन ३६.९ अंश. ग्रिपर उभा असल्यामुळे मनगट १५० मिमी उंचीवर हवं, म्हणजे खांद्यापेक्षा ५० वर. आता दोन बाजू १२०-१२० आणि तिसरी १५८.१ असा त्रिकोण उरतो. कोसाइनच्या नियमाने कोपर −९७.६ अंश, खांदा ६७.२ अंश. ग्रिपर सरळ खाली बघायला तिन्ही कोनांची बेरीज −९० यायला हवी, म्हणून मनगट −५९.६. संपलं.

```python
from math import *
H, A, B, T = 100, 120, 120, 130

def ik(x, y, z):
    r, h = hypot(x, y), z + T - H
    c = (r*r + h*h - A*A - B*B) / (2*A*B)
    if abs(c) > 1:
        return None
    t3 = -acos(c)
    t2 = atan2(h, r) - atan2(B*sin(t3), A + B*cos(t3))
    return atan2(y, x), t2, t3, -pi/2 - t2 - t3
```

शेवटचा फिरणारा सांधा वस्तूच्या तिरकेपणातून बेसचा कोन वजा करून मिळतो. दोन बोटांच्या ग्रिपरला १८० अंशांनी फिरवलं तरी पकड तीच राहते, म्हणून उत्तर सर्व्हो मोटरच्या हद्दीबाहेर गेलं तर त्यात १८० मिळवा किंवा वजा करा.

सूत्राची खरी किंमत कळते ती `return None` या ओळीत. ट्रेचा लांबचा कोपरा (२००, १५०) घ्या. अंतर २५०, मनगटापर्यंतचा त्रिकोण २५५, आणि हात पूर्ण ताणला तरी २४०. कोसाइन १.२६ येतो आणि सूत्र सरळ सांगतं, पोचत नाही. `ikpy` सारखी पायथॉन लायब्ररी इथे ‘पोचत नाही’ असं सांगत नाही. ती चूक कमीत कमी करणारे कोन शोधते आणि तेच उत्तर म्हणून हातात ठेवते. हात ताणला जातो, बोटं वस्तूच्या अलीकडे हवेत मिटतात आणि तुम्ही कॅमेऱ्याला दोष देत बसता. सॉल्व्हर वापरायचाच असेल तर आलेले कोन फॉरवर्ड कायनेमॅटिक्समधून, म्हणजे कोनांवरून बोटांची जागा काढून, उलट तपासा आणि दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर हात हलवूच नका.

पाच सांध्यांच्या हाताला सॉल्व्हर लावताना आणखी एक अडचण येते. जागेच्या तीन आणि दिशेच्या तीन अशा सहा अटी पाच सांधे सहसा पूर्ण करू शकत नाहीत. मग `ikpy` मध्ये `orientation_mode` ला `"all"` न देता फक्त ग्रिपरच्या अक्षाची दिशा जुळवायला सांगावं लागतं. मूव्हइट या रोबोटची हालचाल आखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या केडीएल सॉल्व्हरमध्ये `position_only_ik` आहे, पण तो चालू केला की ग्रिपर उभा राहील याची हमी जाते. शिवाय उत्तर सुरुवातीच्या अंदाजावर अवलंबून असतं. शेजारच्या दोन वस्तूंसाठी कोपर एकदा वर आणि एकदा खाली असं उत्तर आलं, तर हात मधली वाट ट्रे झाडत कापतो. म्हणून सुरुवातीचा अंदाज दर वेळी ट्रेवर थांबलेल्या एकाच ठरावीक स्थितीचा द्यावा.

‘सॉल्व्हर जास्त अचूक’ हा मुद्दा मात्र मनातून काढून टाका. सर्व्होंना सिग्नल देणारा पीसीए ९६८५ बोर्ड ५० हर्ट्झवर २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मायक्रोसेकंद. ५०० ते २५०० मायक्रोसेकंदांत १८० अंश फिरणाऱ्या सर्व्होसाठी हे ०.४४ अंश झाले. १५० मिमी अंतरावर बेसची एक पायरीच बोटांना १.१५ मिमी हलवते. गणित दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत नेऊन इथे काहीच पदरात पडत नाही. ४०९६ पायऱ्यांत पूर्ण फेरा मोजणारा बस सर्व्हो घेतलात तर पायरी ०.०८८ अंशांवर येते. तो खर्च मला जास्त पटतो.

खरी चूक हाताच्या जोडणीत असते आणि ती ओळखता येते. सर्व्होच्या २५ दात्यांच्या शाफ्टवर बसणारी पट्टी, म्हणजे हॉर्न, एका दात्याने सरकला की १४.४ अंशांचा फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक सांध्याचं शून्य मोजून कोडमध्ये घालावंच लागतं. बेसचं शून्य चुकलं असेल तर आडवी चूक अंतराबरोबर वाढत जाते. आडवी चूक जवळ-लांब सगळीकडे तेवढेच मिलिमीटर असेल, तर हाताची पातळी बेसच्या अक्षातून न जाता बाजूने सरकली आहे. हे सरकणं १२ मिमी असेल तर १५० अंतरावर बेसच्या कोनात ४.६ अंशांची दुरुस्ती लागते. आणि हात जवळ असताना उंची बरोबर, पण ताणल्यावर बोटं खाली येत असतील, तर तो वजनाने येणारा झोल आहे. सूत्र आणि सॉल्व्हर दोघंही हात ताठ आहे असंच धरून चालतात, म्हणून झोल दोघांनाही दिसत नाही. ट्रेवर तीन बाय तीन बिंदू आखा, बोटांचं टोक प्रत्येकावर न्या, x, y, z मधला फरक नोंदवा आणि मधल्या जागांसाठी त्या फरकांचं इंटरपोलेशन करून ते लक्ष्यात आधीच मिळवा. मागे कुठलीही पद्धत असो, हा तक्ता तसाच चालतो.

मग सॉल्व्हर कधी घ्यावा? सहावा खरा सांधा वापरून वस्तू बाजूने, डब्याच्या कडेखालून किंवा कुठल्याही तिरक्या कोनात पकडायची असेल तेव्हा. संशोधक डोनाल्ड पायपर यांनी १९६८ साली दाखवलं की सहा सांध्यांपैकी लागोपाठच्या तिघांचे अक्ष एका बिंदूत मिळत असतील तर सूत्राने उत्तर मिळतं. समांतर असले तरी मिळतं. स्वस्त हातात मनगटाचे सर्व्हो एकावर एक रचलेले असतात, त्यामुळे अक्ष काही मिलिमीटरने चुकतात आणि पूर्ण सहा सांध्यांचं नेटकं सूत्र हातातून जातं. इथे डॅम्प्ड लीस्ट स्क्वेअर्स पद्धत बरी, कारण कोपर सरळ होत आला की साध्या जेकोबियनचं, म्हणजे सांधे किंचित वळल्यावर बोटं किती सरकतात हे सांगणाऱ्या मॅट्रिक्सचं, व्यस्त कोनांच्या मोठ्या उड्या मागतं आणि डॅम्पिंग त्या आवरतं. बदल्यात लक्ष्याजवळ पोचायला फेऱ्या जास्त लागतात.

फक्त लांबच्या कोपऱ्यासाठी मात्र सॉल्व्हर आणायची गरज नाही. ग्रिपर −९० ऐवजी −६० अंशांवर झुकवला की मनगट १८५ मिमी अंतरावर आणि खांद्यापेक्षा सुमारे ३३ मिमी वर येतं. त्रिकोणाची बाजू १८८ होते आणि तेच सूत्र चालतं. `r` मधून `T*cos(pi/3)` वजा करायचा, `h` मध्ये `T` च्या जागी `T*sin(pi/3)` घालायचा आणि शेवटच्या ओळीत `-pi/2` च्या जागी नवा कोन `-pi/3`. झुकलेल्या ग्रिपरची पाठ ट्रेच्या कडेला घासते का, एवढं मात्र आधी हवेत फिरवून बघा.