जोडवी काळी पडली की दोष तुमच्या घामाला

"तुमच्या अंगात उष्णता आहे ताई, म्हणून चांदी काळी पडते." ज्या सराफाकडून मी जोडवी आणि पैंजण घेतले त्याने हे इतक्या ठामपणे सांगितलं की सोबतची नणंदही मान डोलवायला लागली. पॉलिश करून देतो म्हणाला. दिली, दोन्ही लखलखीत. थोड्याच दिवसांत बोटाभोवती पुन्हा काळपट-हिरवं वळं.

काळेपणावरून लगेच कुणाला चोर म्हणू नका. हवेतल्या आणि घामातल्या गंधकामुळे अस्सल चांदीही काळवंडते. ९२५ची चांदी म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुधा तांबं. त्या तांब्याचा हिरवट डागही घामाने कातडीवर उतरू शकतो. फरक काळेपणाखाली काय निघतं यात आहे. जोडवं उलटं करून तळव्याकडची बाजू बघा, सगळ्यात जास्त घासते ती तीच. चांदी असेल तर काळं पुसल्यावर पांढरंच दिसतं. माझ्या जोडव्याला तिथे पिवळा पट्टा होता: आत पितळ, वर चांदीचा मुलामा. पॉलिश म्हणजे नवा मुलामा, एवढंच.

लोहचुंबकाची परीक्षा इथे कामाची नाही, पितळही त्याला चिकटत नाही. पैंजणांसाठी मी पाण्याची परीक्षा केली. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घेतला. घुंगरांत हवा अडकते म्हणून ते काढले. नुसत्या साखळ्या भरल्या ८० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि साखळ्या दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवल्या, तळाला टेकू न देता. ९२५ची चांदी असती तर ७.८च्या आसपास दिसायला हवं होतं. दिसलं ९.४. ८०ला ९.४ने भागलं तर घनता साडेआठ येते, म्हणजे पितळच. पोकळ किंवा लाख भरलेल्या दागिन्याला मात्र ही परीक्षा लावू नका, आकडा फसवतो.

मापातही सराफाने हात मारला. एकाच मापाची उघडी जोडवी, पक्कडीने दाबून बसवली. संध्याकाळी पाय सुजतात, तेव्हा ती रुतायची. खाली ओल साचून कातडी आणखी काळी. माप संध्याकाळीच घ्यावं, कागदाची पट्टी गुंडाळून. पैंजणाला घोट्याच्या मापापेक्षा एक-दीड सेंटिमीटर जास्त. आणि उघडं जोडवं सारखं ताणू-दाबू नये, चांदी कडक होऊन तडकते.

आता खऱ्या चांदीची घेतलीत, पावतीवर शुद्धता आणि घुंगरांशिवायचं वजन लिहून घेऊनच. आंघोळीनंतर जोडवं सरकवून खालची ओल टिपते, अधूनमधून सौम्य साबण आणि मऊ ब्रश. टूथपेस्टने ओरखडे येतात. ब्लीच घालून फरशी पुसायची असेल तर आधी दोन्ही काढून ठेवते.