खारी हवा, हिरवे पिन आणि खोटा काटा: जुन्या गाडीचे आठ महिने

रत्नागिरीत आल्यावर जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. इंजिनाबद्दल तक्रार नाही. लिहितोय ते डॅशबोर्डवरच्या मीटरबद्दल.

पहिल्याच महिन्यात पेट्रोलचा काटा तळाला टेकला, म्हणून घाबरून पंपावर गेलो, तर 35 लिटरच्या टाकीत 14 लिटरमध्येच ऑटो कट झाला. टाकीतला पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोट बिघडला असेल, असं मला वाटलं. पण रात्री एक गंमत दिसली. हेडलाइट लावले की काटा खाली यायचा, बंद केले की वर जायचा. फ्लोटला हेडलाइटशी काय देणंघेणं? मीटरचे आतले दिवे आणि काटा यांचं अर्थिंग एकच, आणि तेच कच्चं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी अंदाजाने पेट्रोल भरत राहिलो.

जुलैत गुहागरला निघालो होतो. धो धो पाऊस, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू. गणपतीपुळ्याच्या अलीकडे थांबून गाडी पुन्हा सुरू केली, तर अख्खं मीटर झोपलेलं. सगळे काटे शून्यावर. पण एकही लाल दिवा नव्हता, म्हणून निर्धास्त चाललो. जयगडला फेरीबोटीवर गाडी बंद केली आणि तवसाळला उतरताना स्टार्टर नुसता टक् करून थांबला. बोटीवरच्या चौघांनी ढकलून बाहेर काढली.

मेकॅनिकने जंप देऊन गाडी सुरू केली आणि बॅटरीला व्होल्टमीटर लावला. इंजिन चालू असताना 12.1 व्होल्ट. असायला हवेत साधारण 14. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बरा होता. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, अल्टरनेटर जागा होतो बॅटरीच्या लाल दिव्यातून येणाऱ्या करंटवर. मीटरच मेलाय, मग दिवा लागणार कसा आणि हा जागा होणार कसा?" सगळ्याच गाड्यांत असं नसतं, पण माझ्या जुन्या वायरिंगमध्ये होतं.

काचेच्या सडलेल्या रबरातून पाणी मीटरमागच्या कनेक्टरवर ठिबकत होतं. अर्थिंगचा पिन हिरवा पडला होता आणि त्याच्या शेजारचा, चावीवरून करंट आणणारा पिन तर गंजून गेला होता. दुरुस्तीआधी हेडलाइट लावून मीटरचं अर्थिंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजलं तर 1.4 व्होल्ट आले, पिन बदलल्यावर 0.1 च्या आत. काटाही जागेवर आला.

आता रोज चावी ऑन करून दोन सेकंद थांबतो. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा दिसला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिसलाच नाही तर गाडी हलवत नाही. ऑइलच्या दिव्यावर माझा भरवसा आहे, कारण माझ्या गाडीत दाब नसताना इंजिनावरचा स्विचच तो पेटवतो, म्हणजे वायरसुद्धा तपासली जाते. तापमानाचा दिवा मात्र चावीला लागला तरी बल्ब ठीक आहे एवढंच कळतं, सेन्सरचं काही कळत नाही.

स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा मोबाइलचं जीपीएस 55 म्हणतं. तो बिघाड नाही, काटा थोडा जास्तच दाखवेल असाच बनवतात. खरी अडचण वेगळी: मीटर मेला असताना धावलेले किलोमीटर ओडोमीटरवर चढलेच नाहीत, त्यामुळे ऑइल बदलायचं मी वहीत बघून ठरवतो.

लायटरच्या सॉकेटमध्ये लागणारा छोटा व्होल्टमीटर घेतलाय. आज सकाळी 14.1 होता. रबर बदललंय, पण कनेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी अजून आहे.