स्टॉलसाठी स्टँडी: दोन बाय पाच की अडीच बाय सहा?

परभणी, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर इथल्या प्रदर्शनात पहिल्यांदा स्टॉल घेणाऱ्या उत्पादकापुढे स्टँडीचे, म्हणजे पेटीतून वर ओढून दांडीवर उभ्या करायच्या जाहिरात फलकाचे, साधारणपणे तीन आकार येतात: दोन बाय पाच, अडीच बाय सहा आणि तीन बाय सहा फूट. मी लाकडी घाण्याचे करडई तेल विकतो आणि गेल्या काही वर्षांत हे तिन्ही आकार वापरून पाहिले आहेत. खरी निवड पहिल्या दोनांतच करावी लागते, असे माझे मत झाले आहे. तीन फुटी स्टँडी दालनात उठून दिसते हे खरे; परंतु मे महिन्याच्या उन्हात माझ्या स्टँडीच्या दोन्ही कडा आत वळल्या, मधल्या एकाच दांडीवर ती वाऱ्याने सतत डोलत राहिली आणि तिची पेटी एसटीत ठेवायला प्रत्येक वेळी जागा शोधावी लागली. ज्यांचे दालन मोठे आणि बंदिस्त आहे, त्यांनी तिचा अवश्य विचार करावा.

दोन बाय पाचचे गुण नाकारता येत नाहीत. ती हलकी असते, दुचाकीवर पायापाशी आडवी बसते आणि मला ती थोडी स्वस्तही पडली. म्हणून पहिली स्टँडी मी तीच केली. वर तेलाचे नाव, मध्ये बाटलीचे छायाचित्र, त्याखाली दोन ओळी आणि अगदी तळाशी हिरव्या पट्टीवर पांढऱ्या आकड्यांत फोन नंबर, अशी मांडणी होती. संगणकाच्या पडद्यावर ती नेटकी दिसत होती. नंबरचे आकडे दोन इंच उंच होते आणि कागदाच्या खालच्या कडेपासून अडीच ते साडेचार इंचांच्या दरम्यान बसवलेले होते.

मेळाव्यात स्टँडी उघडली तेव्हा आकड्यांचा वरचा अर्धा इंच तेवढा पेटीच्या ओठावर दिसत होता. कागदाचा खालचा भाग पेटीतल्या रुळाला चिकटवलेला असतो आणि पूर्ण ओढल्यावरही छापील भागाचे काही इंच आतच राहतात. माझ्या पेटीत ते चार इंच होते. दुपारी जिंतूरकडच्या एका मावशींनी मोबाईलमध्ये स्टँडीचा फोटो काढला आणि विचारले, "दादा, ह्याच्यावर नंबर कुठंय?" मी वहीच्या पानावर नंबर लिहून पट्टीच्या वर चिकटवला. तेलाच्या बाटलीखाली ते पान उरलेला दिवस पाहत उभे राहणे मला फार लागले.

ही चूक नुसती नंबर वर सरकवून सुटेल, असे मला वाटले होते. पुढच्या छपाईत मी तो वीस इंचांवर घेतला, आणि तेव्हा दुसरी अडचण लक्षात आली. प्रदर्शनातले टेबल सुमारे तीस इंच उंच असते आणि जागा अपुरी असल्याने स्टँडी बहुधा टेबलामागेच उभी करावी लागते. पेटीची उंची साडेतीन इंच आणि आत जाणारा कागद चार इंच, म्हणजे दोन्ही जवळजवळ फिटतात. त्यामुळे कागदाच्या खालच्या कडेपासून मोजलेले अंतर हीच ढोबळमानाने त्या मजकुराची जमिनीपासूनची उंची ठरते. या हिशेबाने वीस इंचांवरचा नंबर टेबलामागे गेला. साठ इंचांतून टेबलाचे तीस आणि कागद वर धरणाऱ्या पट्टीत जाणारा एक इंच वजा केला, तर वाचण्याजोगे एकोणतीस इंच उरतात. नाव, बाटली, दोन ओळी आणि नंबर एवढ्यातच कोंबावे लागतात. शिवाय पाच फुटांची वरची कड उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास येते, म्हणून टेबलापुढे चार गिऱ्हाइके उभी राहिली की मागच्यांना नावही दिसत नाही.

सहा फुटी स्टँडीत हाच हिशेब एक्केचाळीस इंचांवर येतो आणि वरचा एक फूट गर्दीच्या डोक्यांवर राहतो. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. अर्धा फूट जास्त रुंदी मला फारशी महत्त्वाची वाटली नाही, उंचीचा एक फूट मात्र वाटला.

सध्याच्या अडीच बाय सहामध्ये मी खालचे सहा इंच पूर्ण मोकळे ठेवले आहेत. म्हणजे पांढरे नव्हे, तर पार्श्वभूमीचाच रंग तिथे पुढे चालू ठेवला आहे. त्यावर तीस इंचांपर्यंत करडईच्या फुललेल्या शेताचे छायाचित्र आहे. ते टेबलामागे गेले तरी काही बिघडत नाही. चाळीस ते शेहेचाळीस इंचांच्या पट्ट्यात नंबर आणि त्याच्या शेजारी पाच इंचांचा क्यूआर कोड आहे, जो टेबलाच्या अलीकडून हात न ताणता टिपता येतो. त्यावर बाटली, आणि साठ इंचांच्या वर फक्त नाव. नावाच्या वरच्या वेलांट्या आणि मात्रा पट्टीत जाऊ नयेत म्हणून वरच्या कडेपासून तीन इंच सोडले आहेत. दहा फुटांवरून वाचायला एक इंचाचे अक्षर पुरते असे सांगतात, पण देवनागरीत जोडाक्षरे भरून येतात, म्हणून माझ्या अनुभवाने शिरोरेषेखालचा भागच दीड इंच धरावा. फाइल देण्यापूर्वी फॉन्टचे कर्व्ह, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या, करून घ्यावेत आणि त्यानंतर प्रत्येक शब्द पुन्हा वाचावा. माझ्या एका फाइलमध्ये रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता.

आत जाणारे माप प्रत्येक पेटीत सारखे नसते. माझ्याच दोन पेट्यांमध्ये एका इंचाचा फरक निघाला. त्यामुळे छापणाऱ्याला एकच प्रश्न नेमका विचारावा: छापील भाग किती इंच आत जाईल, आणि तेवढी जागा तुम्ही खाली वाढवणार की मी चित्रात सोडायची? काही जण खाली जादा कागद स्वतःच जोडतात. तिथे आपणही सहा इंच पांढरे सोडले, तर पेटीच्या वर कोरा पट्टा दिसत राहतो. रंग खालपर्यंत नेलेला असेल, तर दोन्ही बाबतीत स्टँडी निभावून जाते. शक्य असल्यास छपाईपूर्वी भिंतीवर खडूने पूर्ण मापाची चौकट काढावी, समोर टेबल लावावे, टेबलापुढे घरातल्या दोघांना उभे करावे आणि दहा पावलांवरून पाहावे. मला त्यात पंधरा मिनिटे लागली आणि नंबर आणखी चार इंच वर न्यावा लागला.

तरीही ज्यांच्या स्टॉलवर स्टँडीपुढे टेबल येत नाही, किंवा ज्यांना ती दुकानाच्या दाराशीच ठेवायची आहे, त्यांनी दोन बाय पाच घेण्यास माझी हरकत नाही. खालचे सहा इंच सोडले म्हणजे झाले. माझी जुनी पेटी आता घाण्याच्या दाराशी उभी आहे. तिच्यात नवा कागद बसवला आहे आणि नंबर अडतीस इंचांवर आहे.