लोगोचं पारदर्शक स्टिकर: गिंप वापरून सात महिने

सावद्याला मामांचं केळीचं काम आहे. खोक्यांवर छापतात तो लोगो म्हणजे हिरव्या पानावर पिवळा घड आणि खाली जाड देवनागरीत नाव. त्याचं व्हॉट्सॲपचं स्टिकर हवं होतं. ज्या दुकानातून लोगो केला, तिथली मूळ फाइल काही मिळाली नाही. हाती आला तो पांढऱ्या पार्श्वभूमीचा जेपीजी. त्यासाठी लॅपटॉपवर गिंप हे चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकटात मिळतं. त्यानंतर नातेवाईकांचे आणि गल्लीतल्यांचे मिळून तीसेक स्टिकर केले. त्याचा हा अनुभव.

आधी माप. स्टिकर नेमकं ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं, वेबपी फाइल, आणि हलत नसेल तर १०० केबीच्या आत. चारही बाजूंना १६ पिक्सेल मोकळे ठेवावेत आणि आकृतीभोवती ८ पिक्सेलची पांढरी कड द्यावी, अशी व्हॉट्सॲपची शिफारस आहे. कड मला आधी नुसती सजावट वाटायची. पहिलं स्टिकर कडेशिवाय केलं. माझ्या फोनवर छान दिसलं, पण मामांच्या फोनला डार्क मोड, तिथे काळी अक्षरं गडप! नुसता घड लटकलेला.

आता कापणं. जेपीजीत पारदर्शकता नसतेच, म्हणून आधी Layer > Transparency > Add Alpha Channel करायचं. हे विसरलात तर Delete दाबल्यावर पांढऱ्याच्या जागी पुन्हा पांढरंच येतं, आणि आपण उगाच माउसला दोष देतो. मग Fuzzy Select ने बाहेरचं पांढरं निवडायचं. हे साधन एकमेकाला लागून असलेलाच रंग धरतं, त्यामुळे ‘व’ नि ‘ठ’ च्या पोटातलं पांढरं तसंच राहतं. Select by Color सगळीकडचं पांढरं धरतं, पण मग घडावरची चमकही जाते आणि केळ्याला भोकं पडतात. Color to Alpha वापरलं तर फिकट पिवळा अर्धवट पारदर्शक होतो, डार्क मोडमध्ये केळी मळकी दिसतात. शेवटी बाहेरचं पहिल्या साधनानं काढलं आणि अक्षरांची पोटं एकेक करून. दोन संध्याकाळी गेल्या.

त्यातली एक वाया गेली, कारण नंतर कड दिली. Alpha to Selection घेऊन निवड ८ पिक्सेलनं वाढवली, खाली नवा थर घेऊन त्यात पांढरा भरला, तर अक्षरांची सगळी पोटं परत पांढरी! सोळा पिक्सेलहून अरुंद पोकळी दोन्ही बाजूंनी वाढणारी कड बुजवून टाकते. तेव्हापासून कड देणार असेन तर बारीक पोकळ्यांना हातच लावत नाही. कडेनं आणखी एक काम झालं. जेपीजीत हिरव्याच्या काठावर पांढऱ्याची भेसळ असते, ती कापल्यावर फिकट रेघ म्हणून उरते. कडेत ती मिसळून जाते. कड नको असेल तर Delete आधी निवड १ पिक्सेल वाढवायची, आणि कापणं मोठ्या मापावरच करून मग लहान करायचं.

मापाचा हिशेब असा: ५१२ मधून दोन्हीकडचे १६ आणि कडेचे ८ वजा केले की ४६४ उरतात. म्हणून आकृती Crop to Content करून ४६४ च्या चौकोनात बसवायची, Canvas Size ५१२ करून मधोमध ठेवायची आणि मगच कड वाढवायची. आकृती ५१२ भर ताणली तर काठावर कड कापली जाते. रफार आणि वेलांट्यांवर ते आधी लक्षात येतं.

नुसत्या मजकुराचं स्टिकर याहून सोपं. ‘काय चालू शे भो?’ एका ओळीत लिहिलं तर चौकोनात बारीक होतं, शिरोरेषा केसासारखी. ‘काय चालू’ वर, ‘शे भो?’ खाली, आणि फाँट जाड. भाऊबंदांच्या ग्रुपवर हेच सर्वांत जास्त फिरतं.

पॅक करायला तीन स्टिकर तरी लागतात आणि ट्रेसाठी, म्हणजे पॅक ओळखायच्या पट्टीसाठी, ९६ पिक्सेलचं छोटं चित्र. लोगोच्या फाइली माझ्या ३० केबीच्या आतच राहिल्या; फोटो मिसळला की वजन चढतं, तेव्हा गुणवत्ता ८० वर आणतो. कापलेली पीएनजी कुणाला पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. मी एकदा फोटो म्हणून पाठवली, समोर जेपीजी होऊन पोचली, पारदर्शकता गेली.

गिंपचा त्रास म्हणजे कडेचे तेच पाच टप्पे दर वेळी हातानं करावे लागतात, आणि नवा थर वर राहिला तर आकृती पांढऱ्याखाली दडते. फोनवरची कापायची ॲप्स झटपट काम करतात, पण वेलांटीचं टोक खातात. मामांच्या लोगोतली ‘ळी’ची वेलांटी अशीच अर्धी गेली होती आणि ते त्यांनी स्वतः दाखवलं.