गादीला मध्ये पडलेला खड्डा: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गादी क्वीन साइझची, 78 × 60 इंच, एकूण जाडी 6 इंच: वर 2 इंच मेमरी फोम आणि खाली 4 इंच साधा पीयू फोम. पलंग लाकडी, आडव्या पट्ट्यांचा. पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती, पाठीला आणि खांद्याला आधार उत्तम मिळत होता. त्यानंतर हळूहळू मध्ये खोलगटपणा आला आणि वर्षाच्या आत तो चादरीवरूनही दिसायला लागला. मेमरी फोमचा थर आजही चांगला आहे. खालचा फोम मात्र या किमतीला हलका आहे, आणि पलंगाच्या पट्ट्या तर दोन माणसांच्या वजनाला अपुऱ्याच आहेत.

असा खड्डा पडला की बहुतेक जण थेट गादीला दोष देतात. आधी खड्डा नेमका कुठे आहे ते बघावं. दोघं झोपत असतील आणि दोन्ही बाजूंना दोन खोलगट जागा पडून मध्ये उंचवटा राहिला असेल, तर फोम बसला आहे. उलट, जिथे कोणी झोपतच नाही त्या मधल्या रेषेवर गादी खाली गेली असेल आणि दोघंही झोपेत आत घरंगळत येत असतील, तर दोष पलंगाचा आहे. इथे दोन्ही एकत्र निघालं.

किती कुणाचं हे मोजता येतं. गादीवरचं सगळं काढून तिला तीन-चार तास मोकळी ठेवायची, कारण मेमरी फोम सावकाश वर येतो. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाड दोरा ताणून धरायचा आणि सगळ्यात खोल जागी स्टीलची पट्टी उभी धरून अंतर वाचायचं. पलंगावर मध्यभागी 2 इंच भरले. तीच गादी सपाट फरशीवर टाकून पुन्हा मोजली तर मधला खड्डा गेला आणि दोन्ही बाजूंना फक्त पाऊण इंच उरलं. म्हणजे खरा गुन्हेगार पलंग. दोन्ही मापांचे फोटो काढून ठेवावेत. वॉरंटीत साधारण एक ते दीड इंचाच्या पुढचाच खड्डा धरतात, तोही वजन नसताना मोजलेला. शिवाय पट्ट्यांमधलं अंतर जास्त असेल तर त्याच कारणावरून दावा फेटाळला जाऊ शकतो.

गादी उभी केल्यावर तिची खालची बाजूही बघावी. कापडावर पट्ट्यांच्या रेषा उमटल्या असतील आणि दोन रेषांच्या मध्ये फोम फुगून खाली आलेला हाताला लागत असेल, तर फटी मोठ्या आहेत. या पलंगात 3 इंच रुंद आणि 18 मिमी जाड अशा 11 पट्ट्या होत्या, दोन पट्ट्यांमध्ये जवळजवळ साडेचार इंच मोकळं. फोमच्या गादीला 3 इंचांपेक्षा जास्त फट नको.

त्याहून महत्त्वाचा असतो पट्ट्यांखालून डोक्यापासून पायथ्यापर्यंत जाणारा मधला दांडा आणि त्याचा पाय. पट्टी 60 इंच लांब असते. मध्ये टेकू मिळाला की तिचा मोकळा भाग 30 इंचांवर येतो, आणि लांबी निम्मी झाली की तेवढ्याच वजनाखाली पट्टीचं वाकणं साधारण आठव्या हिश्शावर येतं. हा टेकू खरोखर टेकलेला आहे का, ते बघायला मधल्या पायाखाली कागद सरकवून पाहावा. कागद अलगद आरपार गेला तर तो पाय हवेत आहे. फरशीला बाथरूमच्या किंवा बाल्कनीच्या बाजूला थोडा उतार असला तरी एवढं पुरतं. पायाखाली कडक रबराची चकती किंवा प्लायचा तुकडा द्यायचा, कागद अडकेल इतकाच. जास्त उचलला तर मध्ये उंचवटा येतो आणि कडेच्या पट्ट्या करकरायला लागतात. पट्ट्या फार लवचिक असतील तर मधल्या दांड्याला एकाऐवजी दोन पाय लावून घ्यावेत, डोक्यापासून आणि पायथ्यापासून एकतृतीयांश अंतरावर.

पट्ट्यांचं काम सुताराला तासाभराचं आहे. सगळ्या पट्ट्या काढायच्या. तडा गेलेली किंवा गाठीपाशी फाटलेली पट्टी फेकून द्यायची. नुसत्या वाकलेल्या उलट्या करून फुगीर बाजू वर ठेवायची. त्याच मापाच्या 3 नव्या पट्ट्या आणून एकूण 14 करायच्या आणि सारख्या अंतरावर मांडायच्या. मग फट पावणेतीन इंचांवर येते. प्रत्येक टोकाला दोन स्क्रू, दीड इंची, आणि आधी 3 मिमीचं भोक पाडूनच. भोक टोकापासून निदान एक इंच आत हवं, नाहीतर पट्टी चिरते. भाड्याच्या घरात एवढं करायचं नसेल तर पट्ट्यांवर 12 मिमी प्लाय टाकला तरी चालतो, पण त्याला जागोजागी इंचभर व्यासाची भोकं पाडावीत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बिनभोकाच्या प्लायवर गादीच्या तळाला बुरशी धरते.

आता गादी फिरवण्याबद्दल. ही गादी उलटी करता येत नाही, मेमरी फोमची बाजू वरच हवी. डोक्याकडचं टोक पायाकडे न्यायचं, पहिल्या वर्षी दर महिन्याला आणि पुढे तीन महिन्यांनी. त्यात दोघांच्या बाजूही आपोआप बदलतात, हा खरा फायदा. पण कमरेखालच्या खड्ड्याला याचा उपयोग फार थोडा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं कंबर-नितंब वरच्या कडेपासून सुमारे 37 इंचांवर येतं आणि गादीचा मध्य 39 वर आहे. फिरवल्यावर जुना खड्डा 41 इंचांवर जातो, म्हणजे जेमतेम 4 इंच सरकतो. म्हणून फिरवण्यासोबत उश्याही आलटून पालटून पाच-सहा इंच खाली घ्याव्यात, म्हणजे वजन दुसऱ्या जागी पडतं.

उरलेल्या पाऊण इंचासाठी वर टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायची पातळ गादी, टाकू नये. टॉपर खालच्या खड्ड्यातच बसतो. त्याऐवजी फोमचे तुकडे दाबून बनवलेला, अर्धा इंच जाडीचा कडक रिबॉन्डेड फोम, साधारण 20 इंच रुंद, कमरेच्या पट्ट्यात गादीच्या खाली सरकवावा आणि त्याच्या कडा कात्रीने तिरक्या कापाव्यात, म्हणजे पायरी जाणवत नाही.

झोपल्यावर कंबर थेट पट्ट्यांना लागायला लागली, तर मात्र तळाचा थर बदलण्यावाचून इलाज नाही. कव्हरची चेन उघडून दोन थर चिकटवले आहेत का बघावं. चिकटवले असतील तर गादीवाला लांब पात्याच्या सुरीने वेगळे करून देतो. वरचा मेमरी फोम ठेवून खाली 4 इंच, 40 डेन्सिटीचा एचआर, म्हणजे दाबल्यावर चटकन वर येणारा, फोम घालावा आणि गोंद फक्त कडेला, तीन-चार इंचांच्या पट्ट्यात लावावा. रात्रभर हवेशीर जागी ठेवून मगच कव्हर चढवावं. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, एका घनमीटरचं किलोतलं वजन. त्यामुळे दुकानात तोंडी सांगितलेला आकडा काट्यावर तपासता येतो: 78 × 60 × 4 इंचाचा 40 डेन्सिटीचा तुकडा सव्वाबारा किलोच्या आसपास भरला पाहिजे. दहा किलोच्या खाली भरला तर तो 32 चाच आहे, परत करावा.